स्वतःच्या कामाचा हिशेब : ना शेखी, ना इन्किसारी

मार्चअखेर आली की व्यापाऱ्याला साठा मोजायची आणि खाती जुळवायची घाई असते. हल्ली आपल्या घरातल्या नोकरदार मुलांना त्याच दिवसांत आणखी एक कागद भरावा लागतो. वर्षभर आपण काय काम केले, हे त्यावर स्वतःच लिहून द्यायचे असते. सरकारी कचेरी, बँक, शाळा यांच्यात ही पद्धत होतीच. आता लातूर-नांदेडच्या मोठ्या कापड दुकानांतही ती आली आहे. पगारवाढ आणि बढती ठरवताना हा कागद मालकाच्या समोर असतो. आमच्या पाहण्यात तो दोनच तऱ्हांनी बिघडतो. कोणी त्यात शेखी मिरवतो, तर कोणी स्वतःला मातीमोल करून टाकतो.

आमचा भाचा लातूरला गंजगोलाईच्या परिसरातील एका मोठ्या शोरूममध्ये पुरुषांच्या कपड्यांचा विभाग सांभाळतो. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने हा कागद प्रथमच भरला. शिक्षण आमच्यासारखेच उर्दू माध्यमाचे, त्यामुळे पत्रलेखनाचा अदब अंगी मुरलेला. त्याने लिहिले, ‘मालकांच्या मेहरबानीने काम ठीक चालले. माझ्यात अनेक उणिवा आहेत, त्या सुधारण्याची कोशिश करीन.’ उर्दू पत्रात माणूस स्वतःला खाकसार, नाचीज म्हणवतो आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. परंतु मूल्यमापनाच्या कागदावर तो अदब राहत नाही, तो कबुलीजबाब होतो. सुरत-भिवंडीच्या खरेदीला मालकाबरोबर जाण्याची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. कारण विचारले तेव्हा मालक म्हणाले, ‘तुम्हीच लिहिलं आहे ना, उणिवा आहेत म्हणून?’

त्या अनुभवाने पोळलेला भाचा पुढच्या वर्षी कच्चा मसुदा घेऊन नांदेडला आमच्या दुकानी आला. आता पारडे दुसऱ्या बाजूला कलले होते. पहिलेच वाक्य होते, ‘माझ्या अथक मेहनतीने विभागाची विक्री २५ टक्क्यांनी वाढली.’ आकडा बरोबर होता. २०२३-२४ ची विक्री ४८ लाख आणि २०२४-२५ ची ६० लाख रुपये होती. आम्ही त्याला एवढेच विचारले, ‘बेटा, या वर्षात ईदा किती आल्या?’

तो गोंधळला. मग आम्ही कॅलेंडर काढले. ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते, आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिललाच सुरू होते. २०२३ ची ईदुल फित्र २२ एप्रिलला होती, २०२४ ची ११ एप्रिलला आणि २०२५ ची ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच वर्षात दोन ईदुल फित्र आल्या, एक अगदी आरंभी आणि एक शेवटच्या दिवशी. आपल्या धंद्यात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांची गर्दी काय असते, हे वाचकांना सांगायला नको. आदल्या वर्षाच्या खात्यात अशी गर्दी एकच होती, या वर्षाच्या खात्यात दोन.

भाच्याने रोजमेळावरून त्या दिवसांची विक्री काढली. २०२३ च्या ईदेचे दहा दिवस ६ लाख, २०२४ चे ७ लाख, २०२५ चे ८ लाख. आदल्या वर्षाच्या ४८ लाखांतून ६ वजा केले तर ४२ राहतात. या वर्षाच्या ६० मधून दोन्ही ईदांचे मिळून १५ वजा केले तर ४५ राहतात. म्हणजे बाकीच्या वर्षातली खरी वाढ सुमारे ७ टक्के, आणि ईदेला ईद लावून पाहिली तर सुमारे १४ टक्के. भाच्याचा चेहरा उतरला. आम्ही म्हटले, ‘उतरू देऊ नकोस. २५ टक्के लिहिले असते तर पुढच्या वर्षी एकच ईद खात्यात येईल, विक्री घटलेली दिसेल, आणि त्या घटीचा जबाबही तुलाच द्यावा लागेल.’

दुसरा प्रश्न ‘माझ्या’ या शब्दाचा होता. विभागात भाचा धरून चार माणसे. बिलावर प्रत्येक विक्रेत्याचा क्रमांक पडतो, त्यावरून त्याची स्वतःची विक्री १८ लाख निघाली. ६० लाखांचा आकडा विभागाचा आहे, १८ लाखांचा त्याचा आहे. दोन्ही लिहावेत, पण एक दुसऱ्याच्या जागी लिहू नये. बाकीचे तिघेही असाच कागद भरतात. चौघांनीही तीच वाढ आपापल्या नावावर मांडली, तर मालक कोणाचेच खरे धरत नाही.

मग आम्ही विचारले, यात लिहायचे काय राहिले? तो म्हणाला, ‘बाकी काही विशेष नाही, मामू. ते तर रोजचंच काम.’ त्या ‘रोजच्या कामा’तच खरा माल निघाला. वर्षाच्या आरंभी साठा वहीत एक वर्षाहून जुने ३४० सूटपीस पडून होते. भाच्याने ते मागच्या फळीवरून काढून लग्नसराईच्या आहेराचे जोड बांधले, दर्शनी ठेवले, आणि दिवाळीपर्यंत २६० विकले, तेही खरेदीच्या भावाखाली न उतरता. अडकलेली रक्कम मोकळी होणे म्हणजे काय, हे कोणत्याही मालकाला कळते. तयार पँट फिटिंग करून देताना लांबी चुकल्याच्या तक्रारी येत. त्याने मापाच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची सही घ्यायला सुरुवात केली. फिटिंगच्या वहीत आदल्या वर्षी अशा ३१ तक्रारी होत्या, या वर्षी १२. या दोन्ही गोष्टी त्याच्या मसुद्यात नव्हत्याच.

उलट एक गोष्ट त्याला लपवायची होती. एका शाळेच्या गणवेशाचा माल ९ दिवस उशिरा पोहोचला होता. मसुद्यात त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही कारण विचारले तर म्हणाला, भिवंडीहून कापड उशिरा आले. बिल्टी पाहिली. कापड ठरल्यापेक्षा ३ दिवस उशिरा निघाले होते, हे खरे. परंतु ऑर्डर पाठवायलाच भाच्याने ६ दिवस लावले होते. मालकाला ही गोष्ट माहीत असतेच. ती कागदावर नसली तर बाकीच्या आकड्यांवरचा भरवसाही उडतो. आणि सगळा दोष भिवंडीवर टाकला, तर बिल्टीची तारीखच आपल्याविरुद्ध साक्ष देते.

शेवटी जो मजकूर ठरला तो असा : ‘विभागाची विक्री ४८ लाखांवरून ६० लाख झाली. या वर्षात दोन ईदा आल्या; ईदेचे दिवस वगळता वाढ सुमारे ७ टक्के आहे. यात माझ्या बिलांची विक्री १८ लाख. जुन्या ३४० सूटपीसपैकी २६० आहेराचे जोड बांधून खरेदीच्या भावाखाली न जाता विकले (साठा वही, एप्रिल व नोव्हेंबर). मापाच्या चिठ्ठीवर सही घेणे सुरू केले. फिटिंगच्या तक्रारी ३१ वरून १२ झाल्या (फिटिंग वही). गणवेशाचा माल ९ दिवस उशिरा गेला. पैकी ६ दिवस माझ्याकडून ऑर्डर उशिरा गेल्यामुळे. आता ऑर्डर ठरली त्याच दिवशी पाठवून वहीत तारीख नोंदवतो.’

वाचकांनी पाहावे, यात ‘उत्तम’, ‘अथक’, ‘प्रामाणिक’ असा एकही शब्द नाही, आणि ‘उणिवा आहेत’ असे मोघम वाक्यही नाही. आधी काय होते, मी काय केले, नंतर काय झाले, आणि ते कोणत्या वहीत सापडेल, एवढेच आहे. वाक्य तपासण्याची आमची कसोटीही हीच. वाचणाऱ्याने आत्ता ती वही मागवली तर वाक्य टिकेल का? टिकणार नसेल तर ती शेखी आहे. आणि वहीत आहे पण कागदावर नाही, तर ती आपल्याच मापात मारलेली दांडी आहे.

काही बुजुर्ग म्हणतात, आपल्या तोंडाने आपली तारीफ करणे आपल्याला शोभत नाही. तारीफ शोभत नाही हे खरेच. परंतु कुरआनात सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) मिसरच्या बादशहाकडे कोठारांचा कारभार मागतात, तेव्हा आपण राखण करणारे आणि जाणकार आहोत हे स्वतःच सांगतात. त्या कामाला लागणारे दोनच गुण, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. आणि मापात कमी देणाऱ्यांची निंदा सूरह मुतफ्फिफीनमध्ये आहे, ती तर प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

ज्यांची मुले सरकारी नोकरीत आहेत त्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. देव दत्त हे सीमा रस्ते बांधणी सेवेतील अभियंते. बढतीसाठी पाच वर्षांचे शेरे ‘अतिशय चांगला’ हवे होते. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा पडला आणि बढतीचा विचारच झाला नाही. तो शेरा त्यांना कळवलाही नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यानंतर २००९ च्या आदेशाने केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि त्यावर १५ दिवसांत निवेदन देण्याची सोय केली. आता विचार करावा, असे निवेदन द्यायची वेळ आली तर पाया कशाचा? आपण स्वतः भरलेल्या भागाचाच. त्या भागात ठरवलेली कामे, त्यापैकी झालेली, राहिलेली आणि राहण्याचे कारण विचारलेले असते. तिथे ‘सर्व कामे वेळेवर केली’ एवढेच लिहिले असेल, तर निवेदनात दाखवायला हाती काही उरत नाही.

या कागदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जागा एकच असेल तर नेमका कागदही ती दोघांना देऊ शकत नाही, आणि मालकाचा कल आधीच ठरला असेल तर आकड्यांनी तो दरवेळी फिरतोच असे नाही. शिवाय मार्चमध्ये बसून वर्षभराचे आठवत नाही. भाचा आता दर महिन्याच्या अखेरच्या जुम्याला डायरीत चार ओळी लिहितो : काय केले, आकडा काय, कोणत्या वहीत, काय चुकले.

गेल्या वर्षी त्याचा कागद वाचून मालकांनी साठा वही आणि फिटिंग वही मागवली, दोन ठिकाणी बोट ठेवून पाहिले, आणि गणवेशाच्या ऑर्डरबद्दल चार प्रश्न विचारले. नंतर म्हणाले, ‘या हंगामाला सुरतेला चला, पाहू.’ कायमची जागा अद्याप मिळालेली नाही. २०२५-२६ च्या खात्यात ईद एकच आली. त्या वर्षाच्या कागदाची पहिली ओळ त्याने तीच ठेवली.