डब्यातला आवाज मोकळा करताना

दहा बाय आठ फुटांची बेडरूम, खिडकीला जाड पडदा, टेबलावर मायक्रोफोन आणि समोर वाचायची गोष्ट. घरच्या घरी पॉडकास्ट किंवा बोलकं पुस्तक करणाऱ्यांची मांडणी बहुधा अशीच असते. मुद्रण ऐकताना शब्द सगळे कळतात, मागे गोंगाटही नसतो, तरी आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. खाली गढूळ, मध्ये कोंदट. अशा वेळी हात आधी ट्रेबल वाढवायला जातो. त्याने ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात, गढूळपणा मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण तो वरच्या पट्टीत नसतोच.

तो कुठून येतो हे खोलीच्या मापावरून काढता येतं. ध्वनी सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की ती लांबी ज्या कंपनसंख्येला साथ देते ती मिळते. दहा फुटांसाठी ती ५६ हर्ट्झ येते, आणि तिच्या पटीत ११२, १६९, २२५ हर्ट्झलाही खोली घुमते. आठ फुटांच्या रुंदीसाठी ७०, १४१ आणि २११ येतात. म्हणजे २११ आणि २२५ अगदी शेजारी-शेजारी पडले. आता ११० हर्ट्झच्या आसपास बोलणारा एखादा पुरुष निवेदक या खोलीत बसला, तर त्याचा मूळ स्वर ११२ला भिडतो आणि त्याची दुप्पट, २२०, या जोडीच्या मधोमध येते. काही अक्षरं विनाकारण फुगतात ती यामुळे.

पडदे आणि गाद्या इथे फारसं काम करत नाहीत. भिंतीवर चिकटवलेला इंचभर फोम वरच्या कंपनसंख्या शोषतो, २०० हर्ट्झच्या लाटेला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या लाटेची लांबी साडेपाच फुटांच्या पुढे असते. उलट, वरचं तेज शोषलं गेलं आणि खालचं घुमणं तसंच राहिलं की आवाज आणखी मंद वाटतो.

मग येतो इक्वलायझर. रीपर या ध्वनिसंपादन प्रणालीतला ReaEQ असो वा दुसरा कोणता, प्रत्येक पट्ट्याला तीनच गोष्टी सांगायच्या असतात: कुठल्या हर्ट्झवर, किती डेसिबल आणि किती रुंद. पहिला पट्टा ‘हाय पास’ करून ८० हर्ट्झवर ठेवायचा. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे त्याखाली जे आहे ते बहुतेक पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक आणि विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. स्त्रीच्या आवाजासाठी ही मर्यादा १००च्या पुढेही नेता येते. एवढ्याने गढूळपणा जाणार नाही, पण पुढचं ऐकणं सोपं होतं.

आता तो फुगा शोधायचा. दुसऱ्या पट्ट्याला मुद्दाम ८ डेसिबलची वाढ द्यायची, रुंदी अर्धा सप्तक ठेवायची आणि मुद्रण चालू असताना तो १५० पासून ३५० हर्ट्झपर्यंत सावकाश सरकवायचा. यात एक फसगत आहे. एवढी वाढ दिल्यावर कुठलीही जागा वाईटच ऐकू येते. म्हणून ‘कुठे वाईट वाटतं’ हा प्रश्न सोडून ‘शेजारच्यापेक्षा कुठे एकदम उसळी येते’ हे पाहायचं. आपल्या खोलीत ती २१५च्या आसपास यायला हवी. मोजमाप आणि कान यांचं जुळलं की जागा पक्की. मग वाढ काढून तिथेच ४ डेसिबलची कपात करायची.

कोंदटपणाची जागा थोडी वर, ३५० ते ६०० हर्ट्झच्या दरम्यान असते. जवळच्या भिंती आणि कपाटाची दारं यांवरून काही मिलिसेकंदांत परतणारा आवाज तिथे मिसळतो. इथे एकच ठळक टोक क्वचित सापडतं, म्हणून कपात रुंद आणि हलकी असावी. उदाहरणार्थ, ४५० हर्ट्झवर एका सप्तकाच्या रुंदीने अडीच डेसिबल. कपात जास्त झाली तर तेही कानाला कळतं: छातीतली ऊब जाते आणि माणूस टेलिफोनवर बोलतोय असं वाटतं. जुन्या टेलिफोनची लाइन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायची. शब्द समजायला तेवढा पुरतो, पण तासभर गोष्ट ऐकायला तो आवाज रुक्ष वाटतो.

प्रत्येक कपातीनंतर इक्वलायझर बंद-चालू करून तुलना करायची, पण आधी दोन्हींची पातळी सारखी करून. कपातीने आवाज लहान होतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. दीड-दोन डेसिबल वाढवून बरोबरी केली नाही, तर मूळ गढूळ मुद्रणच जिंकतं.

यानंतर बहुतेकदा असं दिसतं की ट्रेबलची फारशी गरजच उरलेली नाही. व्यंजनं होती, ती खालच्या फुगवट्याखाली दबली होती. तरीही थोडी धार हवी असेल तर ३,५०० हर्ट्झच्या आसपास दीड-दोन डेसिबलची रुंद वाढ पुरते. ‘त’, ‘ट’, ‘क’ यांची सुरुवात तिथे सुटी होते. त्याहून वर, १० हजारांच्या पुढे, एखाद्या डेसिबलने मोकळेपणा येतो. पण लहान मायक्रोफोनची सरसर आणि पंख्याचा वारा याच भागात असतो, त्यामुळे वाढ देताना ओळींमधल्या शांत जागा ऐकाव्यात. शब्दांपेक्षा सरसर आधी जाणवली, तर वाढ जास्त झाली. ‘चषक’, ‘स्पष्ट’, ‘शिस्त’ असे शब्द चावू लागले तर तीच खूण.

इक्वलायझरचा हात जिथे पोचत नाही, अशा दोन जागा या खोलीत आहेत. पहिली म्हणजे घुमणं स्वतः. शब्द संपल्यावर खोली जो क्षणभर गुणगुणते तो काळातला दोष आहे. कपातीने ते शेपूट हलकं होतं, आखूड होत नाही. दुसरी जागा टेबल. टेबलावरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा एक फूट जास्त चालून आला, तर ५६० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात आणि खड्डा पडतो. तिथे वाढ दिली तर थेट आवाजाबरोबर उसळलेलाही वाढतो, खड्डा तेवढाच राहतो. शिवाय निवेदकाने मान हलवली की तो सरकतो. टेबलावर घडी केलेलं ब्लँकेट आणि तोंडापासून एक वीत अंतरावर आणलेला मायक्रोफोन यांनी इथे जास्त काम होतं. मात्र एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन तोंडाजवळ आले की स्वतःहून खर्ज वाढवतात, तेव्हा २०० हर्ट्झच्या आसपासचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

म्हणूनच एका भागासाठी जमवलेले आकडे साठवून ठेवताना त्यांच्याबरोबर खुर्ची कुठे होती, मायक्रोफोन किती अंतरावर होता हेही लिहून ठेवावं. पुढच्या भागाला खुर्ची फूटभर भिंतीकडे सरकली, तर २१५ची ती उसळी कमी-जास्त झालेली असेल, आणि चार डेसिबलची जुनी कपात तिथे अपुरी किंवा जास्त पडेल. खरं वाचन सुरू करण्याआधी अर्ध्या मिनिटाचं मुद्रण करून ती जागा पुन्हा ऐकली की पुरतं.