ह्युगे : मेणबत्त्यांपलीकडचा डॅनिश शब्द

२०१६च्या हिवाळ्यात ब्रिटनमधल्या पुस्तकांच्या दुकानांत एका डॅनिश शब्दावरच्या पुस्तकांची रांग लागली. माइक विकिंग यांचं छोटेखानी पुस्तक त्यातलं सर्वांत गाजलेलं. कॉलिन्स शब्दकोशाने त्या वर्षीच्या लक्षवेधी शब्दांच्या यादीत या शब्दाला जागा दिली. लोकरी मोजे, मेणबत्त्या आणि गरम कोकोचा मग असं त्याचं चित्र जगभर पोहोचलं. शब्द होता ‘ह्युगे’. ‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करायचे, तसेच ठेवून ‘ही’ म्हणायचं आणि पुढे हलकासा ‘गे’ जोडायचा, की उच्चार बराचसा जमतो.

मेणबत्त्यांचं चित्र काही खोटं नाही. डिसेंबरात कोपनहेगनला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो, त्यामुळे घरोघरी मेणबत्त्या लागतात. त्यांना डॅनिशमध्ये ‘जिवंत उजेड’ म्हणतात. पण डॅनिश माणसाच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द ऋतू किंवा सजावट पाहून येत नाही. जूनमध्ये बागेत मांस भाजताना, पत्ते खेळताना, सायकलवरून फिरून आल्यावरही तो सहज तोंडात येतो.

मुख्य म्हणजे हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो. ह्युगे ‘करायचं’ असतं. कामावरून लवकर निघणाऱ्या सहकाऱ्याला ‘ह्युग दाय’ म्हणजे ‘मजेत राहा’ म्हणून निरोप दिला जातो. ‘शनिवारी काय केलंत?’ या प्रश्नाला ‘घरीच ह्युगे केलं’ हे पूर्ण उत्तर असतं, त्यावर कुणी तपशील विचारत नाही. त्याचं विशेषण ‘ह्युगली’. नव्या माणसाची ओळख झाली की ‘तुम्हाला भेटून ह्युगली वाटलं’ हे साधं शिष्टाचाराचं वाक्य. शुक्रवारी संध्याकाळी मुलांसह सोफ्यावर बसून गोळ्या-चॉकलेटं खात टीव्ही पाहण्याला तर ‘शुक्रवारचं ह्युगे’ असा स्वतंत्र जोडशब्द आहे.

आमंत्रणात हा शब्द कसा काम करतो ते पाहण्यासारखं आहे. ‘शुक्रवारी या, आपण नुसतं ह्युगे करू’ असा निरोप आला, तर त्यातला ‘नुसतं’ फार महत्त्वाचा. पाहुण्याला त्यातून बरंच कळतं: ठेवणीतले कपडे नकोत, जेवण साधं असेल, भाषणं होणार नाहीत आणि महागडी भेट नेली तर यजमानच अवघडेल. टेबलाभोवती कुणी एकटाच बोलत राहणं, पगाराचा किंवा नव्या गाडीचा विषय काढणं, राजकारणावर आवाज चढवणं हे सगळं या बैठकीत बसत नाही. निघताना दारात ‘फार ह्युगली झालं’ म्हणायचं. पुढे कधी गाठ पडली की ‘मागच्या वेळेबद्दल धन्यवाद’ म्हणून त्या संध्याकाळची आठवण काढायची, हीही तिथली रीतच.

शब्दाचा आवाका त्याच्या उलट रूपावरून जास्त स्पष्ट होतो. ‘ह्युगे’आधी नकाराचा ‘उ’ लावला की गैरसोय किंवा कंटाळा असा अर्थ होईल, असं परक्याला वाटतं. प्रत्यक्षात ‘उह्युगे’ म्हणजे अंगावर काटा आणणारी भीती. भुताची गोष्ट, ओसाड घर, खुनाची बातमी ‘उह्युगली’ असते. म्हणजे ह्युगेमध्ये उबेइतकाच भरवसाही आहे: इथे आपल्याला कुणापासून धोका नाही, सावध राहायची गरज नाही.

हा भरवसा मोजक्याच माणसांपुरता असतो, ही त्याची दुसरी बाजू. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ येप्पे त्रोले लिनेत यांनी २०११मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली. ह्युगे समतेचं वातावरण उभं करतं, पण त्याच वेळी कुणी कसं वागावं यावर अंकुशही ठेवतं, आणि ज्यांना ते ‘जमत नाही’ अशांकडे कमीपणाने पाहायला लावतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. बाहेरून आलेल्यांना याचा अनुभव लवकर येतो. शाळेपासूनच्या मित्रांच्या घट्ट वर्तुळात सगळे आपुलकीने वागतात, मात्र नव्या खुर्चीला जागा सहजी होत नाही.

रंगाचा बेरंग करणाऱ्याला डॅनिशमध्ये ‘ल्युसेस्लुकर’, म्हणजे मेणबत्ती विझवणारा म्हणतात. अलीकडच्या वादांत ह्युगेच्याच शब्दकुळातला ‘ह्युगेरासिस्मे’ हा जोडशब्दही ऐकू येतो. कुणाच्या वर्णावर, मूळ देशावर हसतखेळत मारलेल्या, ‘मनावर घेऊ नका’ म्हणून सोडून दिलेल्या शेऱ्यांसाठी तो वापरतात. अशा शेऱ्याला टेबलावरच हरकत घेतली, तर बैठकीचा सूर बिघडवल्याचा ठपका बहुतेकदा शेरा मारणाऱ्यावर न येता हरकत घेणाऱ्यावर येतो.