परीक्षा पंधरा प्रश्नांची, तयारी त्या सकाळची

वेळापुरातल्या कुणालाही गाडीचा शिकाऊ परवाना काढायचा असेल, तर त्याचं कार्यालय अकलूजचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच-४५. आधार प्रमाणीकरण करणाऱ्याला २०२१ पासून ही लेखी चाचणी घरबसल्या देता येते. ज्यांना ते जमत नाही, त्यांना स्लॉट घेऊन कार्यालयात जावं लागतं. महाराष्ट्रात या चाचणीचं नेहमीचं स्वरूप १५ प्रश्नांचं आहे आणि किमान ९ उत्तरं बरोबर यावी लागतात, म्हणजे साठ टक्के. एवढ्यासाठी सकाळचं नियोजन कशाला, असा आक्षेप लगेच येतो. तो अर्धाच बरोबर आहे. अभ्यास सोपा आहे खरा, पण प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद मिळतात आणि पर्यायांतला फरक बारीक असतो. ‘वाहन उभे करण्यास मनाई’च्या निळ्या वर्तुळावर एकच तिरकी लाल रेघ असते, ‘थांबण्यास मनाई’च्या वर्तुळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन. ज्याला दोन्ही पाठ आहेत, तोही पेंगुळलेला किंवा धावतपळत आलेला असेल तर इथेच चुकतो. अशी चूक ज्ञानाची नसते, लक्षाची असते. आणि लक्ष किती टिकणार हे बऱ्याच अंशी आधीच्या तीन-चार तासांवर ठरतं. म्हणून घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या चार समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : दुपारचा स्लॉट घ्यावा, सकाळी उजळणीला वेळ मिळतो

उजळणीला वेळ मिळतो हे खरं, पण त्याची किंमत चाचणीच्या वेळी मोजावी लागते. दुपारी साधारण एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळानुसारच सतर्कता उतरते. जेवण जड असेल तर ती आणखी उतरते, पण न जेवताही थोडीफार उतरतेच. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या सुमारे वीस लाख चाचण्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवस जसा पुढे सरकतो तसे गुण तासागणिक थोडे घटतात आणि वीस-तीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा वाढतात, असं त्यात दिसलं. ती मुलं आठ ते पंधरा वर्षांची होती आणि परिणाम लहान होता, तेव्हा त्यावरून ‘दुपारचा स्लॉट म्हणजे नापास’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पण आपल्याकडे त्यात उन्हाची भर पडते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि दुपारी एकच्या स्लॉटचा प्रवास ऐन उन्हात होतो. रात्री उशिरा जागणाऱ्यांची सकाळ जड जाते, हा आक्षेपही रास्त आहे. त्यांनी सर्वांत पहिला स्लॉट टाळून अकराच्या आसपासचा घ्यावा. उजळणी आदल्या संध्याकाळी संपवावी, कारण वाचलेलं झोपेत पक्कं होतं. पहाटे चारला उठून चिन्हं घोकणारा एक तास अभ्यास कमावतो आणि एक तास झोप गमावतो.

गैरसमज : भरपेट खाऊन जावं, किंवा उपाशीपोटी डोकं जास्त चालतं

ही दोन्ही टोकं आहेत. एक वेळ नाश्ता चुकला म्हणून प्रौढ माणसाची बुद्धी मंदावते, असा ठोस पुरावा नाही. मात्र रोज खाणाऱ्याने त्याच दिवशी उपास केला, तर भूक आणि डोकेदुखी लक्ष खेचून घेतात. उलट तेलकट, पोटभर खाल्ल्यावर सुस्ती येते. म्हणून नियम साधा ठेवावा : रोज जे पचतं तेच, रोजच्यापेक्षा थोडं कमी, आणि स्लॉटच्या दोन-अडीच तास आधी. एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, किंवा शेंगदाणे घातलेले वाटीभर पोहे पुरतात. वारकऱ्यांच्या या भागात स्लॉट एकादशीला येणं नवलाचं नाही. नेहमी उपास करणाऱ्याला तो मोडायची गरज नाही. पण ताटभर साबुदाणा खिचडी म्हणजे पिष्ट आणि तेल. त्याऐवजी थोडी वरीची भात-आमटी किंवा केळं आणि मूठभर दाणे हलके पडतात.

गैरसमज : पाणी कमी प्यावं, म्हणजे मध्येच उठावं लागत नाही

साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सहाशे मिलिलिटर पाणी गेलं, म्हणजे वजनाच्या एक टक्का तूट झाली. कडक उन्हात तासाभराच्या वावरात एवढा घाम सहज जातो. तूट एक-दोन टक्क्यांवर गेली की डोकं दुखू लागतं आणि लक्ष विचलित होतं. लघवीची भीती मात्र खोटी नाही, फक्त तिचा उपाय वेळेत आहे. एकदम प्यालेलं जास्तीचं पाणी साधारण तासाभरात बाहेर पडू लागतं. त्यामुळे उठल्यावर एक-दीड पेला आणि नाश्त्याबरोबर एक पेला प्यावा. शेवटच्या तासात घोट-घोट पुरे. चहाचंही तसंच. त्यातल्या कॅफिनचा जोर अर्ध्या ते एक तासात चढतो, म्हणून रोजचा एक कप निघण्यापूर्वी घ्यायला हरकत नाही. ज्याला सवय नाही त्याने त्या दिवशी प्रयोग करू नये, छातीत धडधडलं तर माणूस ते घाबरणं समजतो.

गैरसमज : अकलूज जवळच आहे, अर्धा तास आधी निघालं तरी चालतं

अंतर दहा-बारा किलोमीटरचं आहे, एवढंच खरं. शिकाऊ परवाना नसलेल्याने स्वतः गाडी चालवत जाणं बेकायदा आहे. म्हणजे वेळ एसटीच्या हाती असते, नाहीतर गाडी चालवणाऱ्या भावाच्या. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी अडकते. आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात तर माउलींची पालखी वेळापूरला आणि तुकोबांची अकलूजला मुक्कामी असते, तेव्हा दोन्हीकडची वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यातला स्लॉट घेऊच नये.

अकराच्या स्लॉटचा हिशेब शेवटाकडून मांडू. कार्यालयात सव्वादहाला पोचायचं, कारण ओळख आणि कागदपत्रं तपासायला रांग असते आणि घामाघूम झालेलं शरीर निवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. प्रवास अर्ध्या तासाचा. एक एसटी चुकली तर म्हणून आणखी अर्धा तास हाताशी हवा, म्हणजे सव्वानऊला घर सोडायचं. नाश्ता साडेआठला, उठणं साडेसहाला, झोप आदल्या रात्री साडेदहाच्या आत. लवकर पोचून नुसतं ताटकळत बसलं की भीती वाढते, असं काही जण म्हणतात. त्यांनी सावलीत बसावं, दुसऱ्यांना प्रश्न विचारत फिरू नये. घरून चाचणी देणाऱ्याला प्रवास नाही, पण वेळ निवडायची मोकळीक आहे. तिचा उपयोग करून ऊन चढण्याआधीची वेळ घ्यावी. कॅमेऱ्यासमोरून चेहरा हलता कामा नये, म्हणून पाणी आणि लघवी दोन्ही आधीच उरकून घ्यावं.

ज्याला चिन्हं येतच नाहीत, त्याला यातलं काहीही तारणार नाही. हे नियोजन नवे गुण मिळवून देत नाही, येत असलेली उत्तरं हातची जाऊ देत नाही. ज्याच्या सराव चाचणीत बारा-तेरा उत्तरं बरोबर येतात, त्याने आता आणखी घोकण्याऐवजी स्लॉट नोंदवताना तारीख आणि वेळ नीट पाहावी. सकाळ तिथूनच ठरते.