मिक्सर खरंच फिरवून पाहिला का?

‘दिवाळीत घेण्याजोगे पाच उत्तम मिक्सर’ अशा मथळ्याच्या लेखांत ‘750 वॉटची दमदार मोटर’, ‘देखणा रंग’, ‘दोन वर्षांची वॉरंटी’ असलं काहीबाही वाचायला मिळतं. हे सगळं खोक्यावरही छापलेलं असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याने मिक्सर हाताळला की नुसतं खोकं वाचलं, हे वाचकाला कळत नाही.

फरक पडतो तो कसोटी सांगितल्याने, आणि ती मिक्सर आणण्याआधी ठरवावी लागते. हातात आल्यावर ठरवली, तर मनात भरलेल्या मिक्सरला सोयीची तीच कसोटी निवडली जाते.

धण्यांचंच घ्या. प्रत्येक मिक्सरमध्ये एकाच पिशवीतले 100 ग्रॅम धणे घालायचे, घड्याळ लावून एक मिनिट फिरवायचं, मग एकाच चाळणीने चाळायचं. चाळणीवर उरलेली भरड वजनकाट्यावर ठेवली की ‘बारीक दळतो’ या मोघम शेऱ्याच्या जागी आकडा येतो. एकाची भरड 8 ग्रॅम आणि दुसऱ्याची 25 भरली, तर पहिला का निवडला हे वेगळं पटवावं लागत नाही. वाचक घरी तोच प्रयोग करून लेखकाला पकडूही शकतो, आणि विश्वास बसतो तो त्यामुळेच.

मात्र दोन फेऱ्यांमध्ये मोटर थंड होऊ द्यायला हवी. तापलेल्या मोटरवर घेतलेली दुसरी फेरी पहिलीशी ताडून पाहणं अन्यायाचं. विजेचा दाब कमी असेल तर पातं मंद फिरतं, म्हणून सगळे मिक्सर एकाच जागी, एकाच दिवशी तपासलेले बरे.

खरी परीक्षा चटणीच्या छोट्या भांड्यात होते. चार लसूण पाकळ्या आणि दोन चमचे सुकं खोबरं घातलं, की पुष्कळ भांड्यांत जिन्नस कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतंच फिरत राहतं. किती वेळा झाकण उघडून चमच्याने खाली ढकलावं लागलं, हे ज्याने वाटण केलंय त्यालाच सांगता येतं. असा एखादा तपशील आणि पहिल्या क्रमांकाच्या मिक्सरचाही एखादा दोष लेखात हवाच. सगळेच निर्दोष असतील, तर शंका घ्यावी.

मिक्सर आले कुठून, हेही लिहावं. अमेरिकेत 1936 साली सुरू झालेली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था तपासायच्या वस्तू स्वतः दुकानातून विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. कंपनीने पाठवलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो. तो वापरला असेल, तर तसं वरच नमूद करावं.

आणि आठवडाभराच्या तपासणीत मोटर पाच वर्षं टिकेल की नाही, हे कळत नाही. ‘टिकाऊ’ हा शब्द तेवढा वगळावा. त्याऐवजी सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि सुटं भांडं केवढ्याला मिळतं, हे फोन करून विचारावं आणि मिळालेलं उत्तर तारखेसह छापावं.