पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं

गणपतीला पाहुणे आले की पाण्याच्या पाठोपाठ वाय-फायचा पासवर्ड मागितला जातो, आणि तो दिलाही जातो. त्याच वाय-फायवर घरातला प्रिंटर असतो, टीव्ही असतो, सीसीटीव्हीचा डीव्हीआरही असतो. त्या डीव्हीआरचा पासवर्ड बऱ्याचदा बसवणाऱ्याने ठेवलेलाच! एखाद्या भाच्याच्या फोनमध्ये घातक अ‍ॅप असेल, तर त्याला ही सगळी उपकरणं आतून चाचपता येतात.

बहुतेक राउटरमध्ये यावर सोय असते. राउटरच्या तळाशी स्टिकरवर 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 असा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन केलं की सेटिंगमध्ये Guest Network सापडतं. ते सुरू करून वेगळं नाव आणि पासवर्ड द्यावा. पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश देणारा पर्याय मात्र बंद ठेवावा. मग पाहुण्यांच्या फोनला इंटरनेट मिळतं, घरातली उपकरणं मिळत नाहीत. अर्थात मामांना फोनमधले लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायचे असतील तर तेही सहसा जमत नाही.

खात्री करणं सोपं आहे. आपला फोन पाहुण्यांच्या वाय-फायला जोडून, मोबाइल डेटा बंद करून तोच पत्ता उघडावा. राउटरचं पान उघडलं, तर भिंत कच्ची आहे. मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून लावलेला दुसरा राउटर अनेकदा याला कारण असतो. तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालत असेल, तर पाहुण्यांचा डेटाही घरच्याच वायरवर सोडतो. अशा वेळी मूळ राउटरवरचं गेस्ट नेटवर्क वापरावं.

आता घरच्यांची तक्रार: याने नेट मंदावतं का? नव्या नावामुळे जवळजवळ नाही. राउटर ते नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारतो, त्यात अगदी थोडा वेळ जातो. नेट मंदावतं ते पाहुण्यांच्या वापरामुळे, आणि ते घरच्या वाय-फायवर असते तरी तितकंच मंदावलं असतं.

समजा, घरी 40 एमबीपीएसची लाइन आहे आणि सहा जण एचडी व्हिडिओ बघताहेत. प्रत्येकी सुमारे 5 धरले तर 30 तिथेच गेले. उरलेल्या 10 मध्ये ताईची ऑफिसची मीटिंग आरामात चालते, पण लॅपटॉपवर मोठी फाइल उतरवायला घेतली की चित्र अडकायला लागतं. काही राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कला वेगमर्यादा घालता येते. इथे 15 ठेवली, तर घरच्यांसाठी 25 शिल्लक राहतात.

तशी सोय नसेल, तर विसर्जनानंतर गेस्ट नेटवर्क बंद करावं किंवा त्याचा पासवर्ड बदलावा. घरच्या एकाही उपकरणात नवा पासवर्ड भरावा लागत नाही.