आयात वाढली म्हणून रुपया पडला?

दर महिन्याच्या मध्याला वाणिज्य मंत्रालय आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करतं आणि त्याच संध्याकाळी वाहिन्यांवर ठरलेलं विधान सुरू होतं: निर्यातीपेक्षा आयात इतक्या अब्ज डॉलरने जास्त, म्हणजे तेवढे डॉलर देशाबाहेर गेले, म्हणून रुपया घसरला. शिकलेसवरलेले लोकही हे बिनदिक्कत सांगतात. यातला ‘म्हणजे’ चुकीचा आहे आणि ‘म्हणून’ अर्धवट. वर्षानुवर्षं हेच ऐकून आता चीड येते, कारण या समजुतीपायी रुपयाचं खरं दुखणं नजरेआड राहतं.

आधी ‘म्हणजे’ पाहू. देशाचे बाहेरच्या जगाशी होणारे सगळे व्यवहार ज्यात नोंदले जातात, तो व्यवहारतोल. त्याचे मुख्य भाग दोन. चालू खात्यात मालाची आयात-निर्यात येते. शिवाय सॉफ्टवेअरसारख्या सेवा, परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे, आणि व्याज-लाभांशाची देवघेव. भांडवली खात्यात येतात गुंतवणूक, कर्ज आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी. वाहिनीवरचा आकडा यातल्या फक्त मालाच्या व्यापाराचा असतो.

२०१२-१३ हे वर्ष घ्या. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार मालाच्या व्यापारातली तूट होती सुमारे १९६ अब्ज डॉलर. पण सेवांच्या निर्यातीतून निव्वळ ६५ अब्ज आले आणि बाहेरून पाठवलेल्या पैशांतून जवळपास ६४ अब्ज. व्याज-लाभांशापोटी साडेएकवीस अब्ज बाहेर गेले. बेरीज-वजाबाकी केली की चालू खात्यातली तूट उरते ८८ अब्ज, म्हणजे व्यापार तुटीच्या निम्म्याहून कमी. घरी येणाऱ्या या पैशांना किरकोळ समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत अशा रकमांचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे वीस टक्के, एकट्या महाराष्ट्रात आला होता.

८८ अब्जही थोडे नव्हेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के इतकी ही तूट होती. सोन्याचीच आयात ५४ अब्जांच्या घरात गेली होती. मग हे डॉलर आले कुठून? भांडवली खात्यातून. त्या वर्षी तिथे निव्वळ ८९ अब्ज डॉलर आले. तूट भरून निघाली आणि परकीय चलनाच्या गंगाजळीत वर थोडी भरही पडली. चालू खात्यात तूट असेल, तर तेवढे डॉलर गुंतवणुकीतून, कर्जातून किंवा गंगाजळीतून यावेच लागतात. त्याशिवाय तूट होऊच शकत नाही, कारण ज्याचे पैसे चुकते करता येणार नाहीत किंवा जे उधारीवर मिळणार नाही, ते आयातच होत नाही.

आता ‘म्हणून’. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१२ या तिमाहीत चालू खात्यातली तूट सुमारे ३२ अब्ज डॉलर होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.७ टक्के, तोवरचा विक्रम. डॉलरचा भाव त्या तीन महिन्यांत ५२-५३ रुपयांवरून ५५च्या जवळ गेला. गंगाजळीला हातही लावावा लागला नाही. पुढच्या वर्षी जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत तूट उरली होती अवघी पाच अब्ज. सोन्यावरचं आयात शुल्क वाढलं होतं आणि आयात घसरली होती. आणि याच तिमाहीत, २८ ऑगस्ट २०१३ रोजी, डॉलर ६८ रुपयांच्या पार गेला. गंगाजळीतून सुमारे दहा अब्ज डॉलर खर्ची पडले. तूट सहा पटींनी कमी झालेली असताना रुपया गडगडला, हे आयातीवर खापर फोडणाऱ्यांनी एकदा समजावून सांगावं.

झालं असं, की २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी हळूहळू आवरती घेण्याचे संकेत दिले. अमेरिकेतले व्याजदर वाढणार या अंदाजाने विदेशी गुंतवणूकदारांनी आपले रोखे विकून डॉलर परत न्यायला सुरुवात केली. तूट कमी होत होती, पण ती भरून काढणारा ओघच उलटा फिरला.

हा दाब बँकेच्या डॉलर विकणाऱ्या टेबलावर कसा येतो, तेही पाहण्यासारखं आहे. तेल कंपन्यांना तेव्हा रोज साधारण ४० ते ५० कोटी डॉलर लागत. भाव काहीही असो, ते घ्यावेच लागत. ज्या आयातदाराला ऑक्टोबरमध्ये पैसे चुकवायचे आहेत, तो एरवी थांबतो. पण रुपया घसरताना पाहून तो ऑगस्टमध्येच ऑक्टोबरचे डॉलर आजच्या भावाने पक्के करतो. निर्यातदार नेमकं उलट करतो. उद्या जास्त रुपये मिळतील या आशेने तो बाहेरचे डॉलर आणायला उशीर लावतो. वर्षाच्या एकूण आयात-निर्यातीत काडीचाही फरक पडलेला नसताना त्या आठवड्यात घेणाऱ्यांची झुंबड उडते आणि विकणारे गायब होतात.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २८ ऑगस्टलाच सरकारी तेल कंपन्यांना बाजाराबाहेर, थेट आपल्याकडून डॉलर देण्याची सोय जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी रुपया दोन रुपयांहून अधिक सावरला. सप्टेंबरमध्ये बँकांना अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी आणायला सांगून, रुपया घसरण्याची जोखीम रिझर्व्ह बँकेने साडेतीन टक्के दराने स्वतःकडे घेतली. त्यातून आणि बँकांच्या परदेशी कर्जांतून मिळून ३४ अब्ज डॉलर आले. हे कमावलेले नव्हते, उसने होते. ठेवी २०१६मध्ये परत केल्या गेल्या.

मग तूट निर्दोष ठरते का? नाही. त्याच ऑगस्टमध्ये मॉर्गन स्टॅन्ली या संस्थेने भारत, इंडोनेशिया, ब्राझील, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिका यांना ‘नाजूक पाच’ म्हटलं. पाचही देशांच्या चालू खात्यात तूट होती. ओघ आटल्यावर कोणाला चटका बसणार, हे तुटीवरून ठरतं. चटका कधी बसणार, हे मात्र ती भरणाऱ्या पैशावर अवलंबून असतं. कारखान्यात घातलेलं परकीय भांडवल रातोरात उचलून नेता येत नाही. रोख्यांतलं आणि शेअरांतलं नेता येतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. तूट म्हणजे उधळपट्टी, असं नाही: देशातल्या बचतीपेक्षा गुंतवणूक जास्त असली की ती येतेच, ऑस्ट्रेलियाने १९७५नंतर थेट २०१९मध्ये पहिली शिलकी तिमाही पाहिली. गंगाजळी ही आपली साठवलेली कमाई, हेही खरं नाही: तिचा मोठा भाग बाहेरून आलेल्या भांडवलाचा आहे आणि त्यावर बाहेरच्यांचा हक्क आहे. रुपया पडला की निर्यात लगेच वाढते, हाही भाबडेपणा: सौदे आधीच झालेले असतात, आणि सुरतेत पैलू पाडायचा कच्चा हिराही आयातच करावा लागतो.

२०२४-२५मध्ये चालू खात्यातली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या केवळ ०.६ टक्के होती. तरीही फेब्रुवारी २०२५मध्ये डॉलर ८७ रुपयांवर पोचला, कारण विदेशी गुंतवणूकदार शेअर विकून बाहेर पडत होते. पुढच्या वेळी महिन्याचा व्यापाराचा आकडा ऐकाल, तेव्हा रिझर्व्ह बँकेचा तिमाही व्यवहारतोलही उघडा. चालू खात्याच्या ओळीवर न थांबता खालच्या भांडवली खात्यात पाहा: तूट थेट गुंतवणुकीने भरली जाते आहे, की रोखे-शेअरांतल्या आणि अल्पमुदतीच्या कर्जाच्या पैशाने, आणि गंगाजळी त्या तिमाहीत वाढली की घटली.