डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस : भाडेकरार वाचताना

पुण्यात पहिल्यांदाच घर भाड्यानं घेणाऱ्याच्या हाती एजंट जो कागद ठेवतो, त्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात घरं बहुतेक याच करारानं दिली जातात. यात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरता वापराचा परवाना मिळतो, घरावर कुळाचा हक्क तयार होत नाही. मुदत बहुधा अकरा महिने असते. ‘अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?’ असं अनेकदा ऐकवलं जातं, पण ते महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर आहे. तसा करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं, ते खोटं ठरवलं जाईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

पैशांचे वाद मात्र नोंदणीवरून क्वचितच होतात. ते होतात डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस या तीन कलमांवरून, आणि ही तिन्ही कलमं एकत्र वाचली तरच त्यांचा खरा अर्थ कळतो.

समजा, नाशिकहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुणीनं १ जुलैपासून घर घेतलं. भाडं महिना २०,००० रुपये, डिपॉझिट ६०,००० रुपये, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. लॉक-इन म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत घर सोडायचं नाही. सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. तिला ऑक्टोबरअखेर बंगळुरूला जावं लागलं, तर मालक नोव्हेंबर आणि डिसेंबरचे ४०,००० रुपये मागणार, आणि ते त्याच्याच हातातल्या डिपॉझिटमधून कापणार. करार कायद्याचं कलम ७४ अशा वेळी वाजवी भरपाईच मान्य करतं. कापलेले पैसे परत मिळवायला दावा मात्र तिलाच लावावा लागतो. म्हणून सही करण्याआधीच एक वाक्य घालून घेणं शहाणपणाचं: दुसरा भाडेकरू राहायला आला, की त्या दिवसापासून पुढचं भाडं लागू राहणार नाही.

आता खरी मेख. तिला लॉक-इन पूर्ण करून निघायचं आहे. तिनं १ डिसेंबरला नोटीस दिली, तर ती ३१ डिसेंबरला मोकळी होईल का? करारात ‘लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन’ असं लिहिलेलं असेल, तर मालक म्हणेल की नोटीस १ जानेवारीलाच देता येते. म्हणजे सुटका ३१ जानेवारीला, आणि २०,००० रुपये जास्तीचे. ‘लॉक-इनच्या शेवटच्या महिन्यातही नोटीस देता येईल’ एवढं वाक्य लिहून घेतलं, की हा वाद उरत नाही. नोटीस ई-मेलनं चालेल का, हेही त्यातच यावं. फोनवर सांगितलेली नोटीस नंतर सिद्ध करता येत नाही.

लॉक-इन दोघांना बांधतं की एकट्या भाडेकरूला, हेही तपासायला हवं. अनेक छापील मसुद्यांत मालक कधीही महिन्याची नोटीस देऊ शकतो आणि भाडेकरू मात्र अडकलेला असतो. हे एकतर्फी कलम बदलून मागण्यात संकोच कसला?

डिपॉझिट परत कधी मिळणार, यालाही तारीख लागते. ‘घर सोडल्यावर’ हे शब्द फार सैल आहेत. ‘ताबा आणि चावी देतेवेळी’ असं लिहावं. वीजबिल, सोसायटीचं देणं आणि मोडतोड यांची वजावट रास्त आहे. पण वापरानं भिंतीचा रंग फिका पडणं ही मोडतोड नाही. काही करारांत रंगकामासाठी एका महिन्याचं भाडं सरसकट कापण्याची अट असते. ती असेल तर डिपॉझिट ६०,००० चं नसून प्रत्यक्षात ४०,००० चंच परत मिळणार आहे, हे आधीच धरून चालावं. पंखे, गीझर, नळ, कपाटं यांची यादी कराराला जोडावी, आणि सामान आत येण्यापूर्वीच फोटो काढून मालकाला पाठवावेत. बेसिनला तडा आधीपासून होता, हे नंतर तोंडी सांगून कुणी मानत नाही.

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करण्याचा बेत बहुतेक करार नाकारतात. मालकाची संमती लेखी नसेल, तर तो थकलेलं भाडं म्हणूनच धरला जातो.

मुदत संपण्याची तारीखही हलकी घेऊ नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. वरच्या उदाहरणात महिना ४०,००० रुपये. ३१ मेनंतर त्याच घरात राहायचं असेल, तर वाढीव भाडं ठरवून नवा करार मे महिन्यातच करून घ्यावा, आणि जुनं डिपॉझिट नव्या करारात जमा धरल्याचं त्यात रकमेसह लिहावं.